थायरॉईडची गोळी चालू असताना कोळशाच्या कॅप्सूल आणि डिटॉक्स चहा: आईचा टीएसएच यामुळे वाढला असेल का?

रेवती_जुळेसोलापूर
नमस्कार मंडळी. आई ५४ वर्षांची आहे. थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू आहे आणि टीएसएच दर वेळी दोन-तीनच्या आसपास यायचा. बीपीचीही गोळी आहे. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर भिशीतल्या एका मैत्रिणीने तिला "डिटॉक्स किट" दिलं. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्याबरोबर दोन काळ्या कॅप्सूल आणि रात्री झोपताना एक पुडी चहा. पहिल्याच आठवड्यात वजन दोन किलोने उतरलं, त्यामुळे आई खूश. "बघ, पोटातली काळी घाण कशी निघतेय," असं मला रोज सांगायची.

मार्चअखेर तपासणी केली तर टीएसएच ११.४. डॉक्टरांनी गोळी १०० ची करून दिली. किटबद्दल आई त्यांच्याशी बोललीच नाही. "ते काय औषध आहे का सांगायला?" हे तिचं म्हणणं. शिवाय महिनाभर रात्री पायात गोळे येतात, दुपारी गळून जाते. आम्ही म्हटलं ऊन आहे, सोलापूरचा एप्रिल आहे, होणारच. १०० ची स्ट्रिप आणून ठेवलीय, अजून सुरू केलेली नाही. काय करावं? किटचा आणि रिपोर्टचा संबंध असू शकतो का?

बाळासाहेब_सातरस्ता
रेवतीताई, घाबरू नका. कोळसा शरीरात जातच नाही, आतड्यातून फिरतो आणि बाहेर पडतो. आमच्या घरी गॅससाठी सगळे घेतात. फक्त औषध आणि कोळसा यांत दोन तासांचं अंतर ठेवायचं, मग काही होत नाही. टीएसएच ऋतूप्रमाणे वरखाली होतो. डॉक्टरांनी डोस वाढवलाय तर बिनधास्त सुरू करा.

सुमन_कुंभारी
मी पण थायरॉईडची पेशंट आहे. चहाने थायरॉईड वाढतो हे मला माहीतच नव्हतं. मी दिवसाला चार कप पिते, तोही गवती चहा घालून. बंद करू का? आणि आमचे हे कोळशाचं काळं मंजन लावतात, त्याचाही त्रास होतो का?

औषधवाले_विजापूररोड
सुमनताई, इथे साध्या चहाचा विषय नाही. तुमचा गवती चहा निवांत प्या, फक्त थायरॉईडच्या गोळीनंतर अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मंजन चूळ भरून थुंकून टाकतो आपण, ते पोटात जात नाही.

रेवतीताई, मी औषधाचं दुकान चालवतो. दोन गोष्टी विचारतो. एक, आई थायरॉईडची गोळी नेमकी किती वाजता घेतात आणि कॅप्सूल किती वाजता? दोन, चहाच्या खोक्यावर घटकांची यादी असेल, ती बारीक अक्षरातली, ती जशीच्या तशी इथे टाका. आणि बीपीच्या गोळीचं नावही बघा.

रेवती_जुळेसोलापूर
काका, आत्ता विचारून आले. आई सहाला उठते आणि एकाच पेल्यातल्या पाण्याबरोबर थायरॉईडची गोळी आणि दोन कॅप्सूल घेते. "दोन्ही उपाशीपोटीच घ्यायच्या आहेत ना," म्हणाली.

चहाच्या खोक्यावर समोर मोठ्या अक्षरात ग्रीन टी, आलं, लिंबू. मागे यादीत ग्रीन टी, बडीशेप, मग स्वर्णपत्री, मग ज्येष्ठमध, आलं, लिंबाचा अर्क. बीपीच्या गोळीत अम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन अशी दोन नावं आहेत. कॅप्सूलवर प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम ॲक्टिव्हेटेड चारकोल लिहिलंय.

औषधवाले_विजापूररोड
मग चित्र बरंच स्पष्ट होतंय. आधी कोळशाचं बोलू, कारण टीएसएचचा प्रश्न तिथे आहे.

बाळासाहेब म्हणतात ते निम्मं खरं आहे. कोळसा रक्तात जात नाही, आतड्यातच राहतो. पण गोळीलासुद्धा रक्तात जायला आतड्यातूनच वाट काढावी लागते. वाटेत कोळसा असला तर औषधाचे कण त्याच्या छिद्रांच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि त्याच्याबरोबरच शौचावाटे निघून जातात. हा कोळसा चुलीतल्यासारखा नसतो. प्रचंड उष्णतेत वाफ देऊन त्यात इतकी बारीक छिद्रं पाडलेली असतात की एका ग्रॅममधला सगळा पृष्ठभाग उलगडला तर हजार चौरस मीटरच्या घरात जाईल. आणि विष कुठलं, औषध कुठलं, जीवनसत्त्व कुठलं, हे त्याला कळत नाही.

आई गोळी आणि कोळसा एकाच पेल्याबरोबर घेत होत्या. अडवायला याहून चांगली सोय नाही. गोळी पोटात गेली, पण त्यातली किती रक्तात पोचली हा प्रश्न आहे. थायरॉईडचं औषध रक्तात कमी पडलं की टीएसएच वाढतो, म्हणून तो ११ वर जायला एवढं कारण पुरेसं आहे.

बाळासाहेब_सातरस्ता
साहेब, एक शंका. विषबाधेत कोळसा ५० ग्रॅम देतात असं वाचलंय. इथे दोन कॅप्सूल म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. पन्नासावा हिस्सा. एवढ्याशा कोळशाने गोळी अडत असेल तर नवलच.

निवृत्त_सिस्टर
बाळासाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण हा कोळसा मी माझ्या हाताने पाजलेला आहे. कॅज्युअल्टीत ड्युटी असायची. दोन-अडीच वर्षांचं पोर आजीच्या गोळ्या खाऊन बसलं की आईबाप धावत यायचे. वजनाच्या हिशोबाने, किलोला साधारण एक ग्रॅम, म्हणजे बारा किलोच्या पोराला बारा ग्रॅम कोळशाची भुकटी पाण्यात कालवायची. दाट काळा लगदा होतो, कितीही ढवळा, तळाशी बसतोच. पोर तोंड फिरवतं, ओकतं, आपल्या एप्रनवर काळे डाग. शुद्धीत नसलेल्या पेशंटला आधी श्वासनलिका सुरक्षित केल्याशिवाय तो द्यायचा नाही, कारण फुप्फुसात गेला तर जिवावर बेतू शकतं. आणि पहिल्या तासाभरात दिला तरच खरा उपयोग. लोहाच्या गोळ्या खाल्ल्या असतील तर तो चालतच नाही, रॉकेल-ॲसिडला तर देतच नाहीत.

आता हिशोब बघा. तिथे आम्ही खाल्लेल्या औषधाच्या निदान दहापट कोळसा जावा असं बघायचो. रेवतीच्या आईची गोळी ७५ मायक्रोग्रॅमची. कोळसा एक ग्रॅम. म्हणजे औषधाच्या तेरा हजार पट कोळसा झाला! पन्नास ग्रॅमशी तुलना करायचीच नाही, गोळी किती बारीक आहे ते बघायचं.

बाळासाहेब_सातरस्ता
सिस्टर, हा हिशोब माझ्या डोक्यात आला नव्हता. मग दोन तासांचं अंतर?

औषधवाले_विजापूररोड
सिस्टरनी नेमकं सांगितलं. अंतराबद्दल बोलायचं तर काही गोळ्यांना ते उपयोगी पडतं, काहींना अपुरं पडतं. साधी गोळी, जी तासा-दोन तासांत शोषली जाते, ती आधी घेऊन बऱ्याच वेळाने कोळसा घेतला तर ती बहुतेक वाचते. पण लांब पल्ल्याच्या गोळ्या, ज्यांच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असतं, त्या दिवसभर आतड्यात हळूहळू सुटत असतात. त्यांना दोन तासांनी काय होणार? आणि तिसरा प्रकार म्हणजे रक्तात गेल्यावरही पित्तावाटे परत आतड्यात येणारी औषधं. कोळसा त्यांना परतीच्या वाटेवर पकडतो. थायरॉईडचं औषधही थोडंफार या वाटेने फिरतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला अंतराचा सल्ला देऊन पाठवत नाही, कॅप्सूलची गरज काय ते विचारतो. रोज घेण्यासारखं तिच्यात काही नाही. शरीरातला टाकाऊ माल काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, ते कोळशाच्या पोहोचेत नाही.

आणि ती "काळी घाण"? तो कोळसाच आहे, सकाळी गिळलेला.

निवृत्त_सिस्टर
त्या काळ्या शौचाबद्दल मला एक जोडायचंय. पोटात आतून रक्तस्राव होत असला तरी शौच काळं होतं, डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं. कोळसा घेणारा माणूस ते बघून खूश होतो आणि दुखणं मागे राहतं. कुणी सांधेदुखीच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल तर हे नक्की लक्षात ठेवा. कोळसा बंद केल्यावरही दोन-चार दिवसांत रंग बदलला नाही तर लगेच दाखवा. चक्कर किंवा घाम येत असेल तर तेवढीही वाट बघू नका.

किरण_अशोकचौक
मी कारखान्यात यंत्रमागावर आहे, रात्रपाळी असते. मला फिट्स येतात, कार्बामाझेपिन चालू आहे, सकाळ-रात्र. जेवणानंतर पोट फुगतं म्हणून मेडिकलवाल्याने एक काळी गुळगुळीत गोळी सांगितली, पचनाची. सहा महिने दोन्ही जेवणांनंतर घेतोय. आत्ता खोका बघितला तर त्यातही चारकोल लिहिलंय की. दोन महिन्यांत दोनदा फिट आली. आधी वर्षभर एकही नव्हती. हे त्याच्यामुळेच असेल का?

औषधवाले_विजापूररोड
किरण, आजच्या आज ती काळी गोळी थांबव. फिट्सची गोळी मात्र एक वेळसुद्धा चुकवू नकोस आणि मनाने वाढवूही नकोस. कार्बामाझेपिन हे कोळशाच्या तावडीत सापडणाऱ्या औषधांतलं ठळक नाव आहे. त्याचा जास्त डोस पोटात गेला तर दवाखान्यात परत परत कोळसा देऊन ते रक्तातून ओढून काढतात, इतकं ते त्याला धरतं. तुझ्या पचनाच्या गोळीत कोळसा थोडासाच असतो, म्हणून फिट त्यानेच आली असं मी म्हणणार नाही. रात्रपाळी आणि अपुरी झोप ही फिट येण्याची मोठी कारणं आहेत. पण रक्तातली कार्बामाझेपिनची पातळी मोजता येते. सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं असतं. डॉक्टरांना दोन्ही स्ट्रिपा दाखव आणि ही तपासणी करायची का ते विचार.

वैद्य_होटगीरोड
चहाबद्दल कुणीच बोलत नाहीये. यादीत स्वर्णपत्री आहे, म्हणजे आपली सोनामुखी. आयुर्वेदात ती रेचक म्हणून वापरतात, मीही देतो. पण माणूस बघून, मात्रा ठरवून, मोजके दिवस. ती रोज रात्री पाजायची वनस्पती नाही. उन्हाळ्यात, पन्नाशीच्या बाईला, बीपीची गोळी चालू असताना तीन महिने सोनामुखी? मी तरी दिली नसती.

आणि चहाच्या पुडीतली मात्रा कोण मोजतं? पाणी किती गरम, पुडी किती वेळ बुडवली, यावर रोज वेगळा अर्क उतरतो. पाच मिनिटं बुडवली तर वेगळं, विसरून पंधरा मिनिटं राहिली तर वेगळं.

रेवती_जुळेसोलापूर
वैद्यजी, तुमचं वाचून मी आत्ता एक पुडी फाडून पांढऱ्या ताटलीत पसरली. ग्रीन टीची काळपट, वळलेली पानं ओळखू येतात. बडीशेपही दिसते. बाकी फिकट हिरव्या, सपाट, ठिसूळ पानांचे तुकडे आहेत, काठ सरळ आणि टोक अणकुचीदार. एक कागदासारखी चपटी शेंगही निघाली, मोडकी, आत बियांचे ठसे दिसतात. यादीत तिसरी असलेली स्वर्णपत्री ताटलीत मात्र जवळजवळ अर्धी भरली.

आणि आई रात्री दहाला चहा पिते, पहाटे पाच-साडेपाचला पोटात कळ येऊन उठते. एक दिवस चहा घेतला नाही तर पोट साफ होतच नाही म्हणते.

वैद्य_होटगीरोड
तीच. चपटी शेंग सोनामुखीचीच. वेळही बरोबर जुळते. सोनामुखीतलं द्रव्य लहान आतड्यात तसंच पुढे सरकतं, मोठ्या आतड्यातले जंतू ते फोडतात, तेव्हा ते काम करू लागतं. म्हणून सहा ते बारा तास लागतात. कुठल्याही "हर्बल" चहाने रात्री पिऊन पहाटे कळ येत असेल तर यादीत नाव असो-नसो, रेचक आहे असं समजा.

औषधवाले_विजापूररोड
आणि म्हणूनच ते दोन किलो फसवे आहेत. जेवणातली साखर, तेल, पीठ हे सगळं लहान आतड्यात आधीच शोषून झालेलं असतं. सोनामुखी त्यानंतरच्या टप्प्यावर पाणी आणि मळ बाहेर काढते. काटा खाली येतो, चरबी तेवढीच राहते. चहा थांबवला की दोन-तीन दिवसांत आकडा पूर्ववत.

पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. आईंच्या बीपीच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोन हे लघवीवाटे पाणी काढणारं औषध आहे, तेही पोटॅशियम घालवतं. दोन्हीकडून गळती. पायात गोळे आणि गळून जाणं याचं खापर उन्हावर फोडण्याआधी रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या. छातीत धडधड किंवा ठोके चुकल्यासारखं वाटलं तर उद्यावर टाकू नका, तेव्हाच दवाखान्यात न्या. पोटॅशियम फार उतरलं की हृदयाची लय बिघडते. पोटॅशियमचं सिरप मनाने आणून पाजू नका, ते वाढलं तरी तितकंच वाईट.

बाळासाहेब_सातरस्ता
मग टीएसएच चहामुळेही वाढला असेल ना? जुलाबात गोळी वाहून जात असेल.

औषधवाले_विजापूररोड
शक्यता कमी. गोळी सकाळी सहाला, ती शोषली जाते लहान आतड्यात. सोनामुखीचा जोर मोठ्या आतड्यात. पाण्यासारखे खूप जुलाब होत असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा कुठलीच गोळी नीट लागू पडत नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनी तर अशा जुलाबात त्या गोळीवर विसंबू नये. पण आईंच्या बाबतीत माझं बोट कोळशाकडे आहे.

रेवतीताई, आता मुख्य गोष्ट. १०० ची गोळी. किट थांबवून १०० सुरू केली तर जी ७५ आजवर अडत होती तिचा अडसर गेला आणि वर २५ जास्त. थायरॉईडचं औषध जादा झालं की धडधड, हात थरथरणं, घाम, झोप उडणं. पन्नाशीपुढे आणि पोटॅशियम कमी असताना हे परवडणारं नाही. उलट किट चालू ठेवून १०० घेतली तर डोस वाढतच जाईल. डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच्या कागदावर बरोबर निर्णय घेतला, कागदावर कोळसा नव्हता एवढंच. किट पिशवीत घालून उद्या त्यांच्याकडे न्या आणि डोस त्यांनाच ठरवू द्या. तोवर जी गोळी चालू आहे ती बंद करू नका.

रेवती_जुळेसोलापूर
काल जाऊन आलो. डॉक्टरांनी खोकी बघितली, यादी वाचली. पोटॅशियम ३.१ आलं, खालची मर्यादा ३.५ आहे. चहा आणि कॅप्सूल दोन्ही बंद. पोटॅशियमचं औषध पाच दिवस, मग परत तपासणी. बीपीची गोळी तात्पुरती बदलली. थायरॉईडची गोळी ७५ च ठेवली आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघू म्हणाले. मी विचारलं पुढच्या आठवड्यातच का नको, तर म्हणाले या औषधाला रक्तात अर्धं व्हायलाच आठवडा लागतो, पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात, त्याआधीचा आकडा फसवा.

आई नाराज आहे. पोट साफ होत नाही म्हणून चिडचिड. काय द्यावं?

वैद्य_होटगीरोड
तीन महिन्यांच्या सवयीनंतर आतडं काही दिवस आळसावणारच, कोळशानेही मलावरोध होतो. भरपूर पाणी, ताक, पालेभाजी, आणि कडक भाकरी सध्या दुधात किंवा आमटीत भिजवून. रात्री इसबगोल चालेल.

औषधवाले_विजापूररोड
इसबगोल चालेल, पण थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. तोही थोडं औषध धरून ठेवतो. रात्री घेतला आणि गोळी सकाळी, तर प्रश्न नाही. पेलाभर पाण्याबरोबरच द्या.

वैद्यजी, सोनामुखीवर माझं तुमच्याशी पूर्ण जमत नाही. माझ्या मते ती चहाच्या पुडीतून विकूच नये.

वैद्य_होटगीरोड
आणि माझ्या मते खोक्यावर समोर ठळक "रेचक" लिहून, दिवसांची मर्यादा घालून विकावी. वनस्पतीवर बंदी घालून काय साधणार? लोक भुसार दुकानातून सुटी पानं नेतील.

किरण_अशोकचौक
काका, तपासणी केली. पातळी ४ ते १२ हवी, माझी ३.६ आली. काळी गोळी मात्र तपासणीच्या चार दिवस आधीच सोडली होती. डॉक्टर म्हणाले मधे रात्रपाळीत एक-दोन डोस चुकलेत का ते आठव. चुकलेत, खरं सांगतो. आता तीन आठवड्यांनी परत बघायचंय. मुकादमाला दिवसपाळी मागितलीय.

रेवती_जुळेसोलापूर
दोन महिन्यांनी आलेय. आईचा टीएसएच ३.४, तोही जुन्या ७५ वरच. पोटॅशियम ४.२, पायातले गोळे गेले. वजन त्या दोन किलोंसकट परत आलंय.

बाळासाहेब_सातरस्ता
अभिनंदन ताई. पण आईंनी या काळात गोळीनंतर लगेच दुधाचा चहा घेणंही सोडलं असेल ना? मग नेमकं कोळशानेच हे कसं म्हणायचं?

रेवती_जुळेसोलापूर
हो, आता पाऊण तास थांबते. पूर्वी पंधरा मिनिटांत कपबशी हातात असायची. पण तशीच सवय असताना इतकी वर्षं टीएसएच दोन-तीनच होता, हेही तितकंच खरं.

भिशीतल्या आणखी तिघी तेच किट घेतायत. एकीला साखरेची एसआर गोळी आहे, एकीला हृदयाची डिगॉक्सिन. त्यांना काय सांगू?

औषधवाले_विजापूररोड
डिगॉक्सिनवालीला आजच फोन करा, बाकीच्यांना उद्या केला तरी चालेल. पोटॅशियम उतरलं की ते औषध नेहमीच्या डोसलाही विषारी ठरू शकतं, आणि कोळसा त्याच गोळीला अडवतोही, त्यामुळे रक्तात नेमकं किती आहे याचा भरवसा राहत नाही. किट थांबवा, पण डिगॉक्सिन मनाने सोडू नका, आणि पोटॅशियम व ईसीजी करून घ्या म्हणावं. मळमळ, सगळं पिवळसर दिसणं, ठोके मंदावणं यातलं काही असेल तर सरळ दवाखाना.

रेवती_जुळेसोलापूर
लावते आत्ताच.